‘वाढ निर्देशांकानुसार’ म्हणजे नेमकी किती?

हर्णैच्या तात्यांनी माझ्या टेबलावर भाडेपट्ट्याचा मसुदा ठेवला. बावीस पानं होती. सातबारा, चतु:सीमा, पाण्याची लाइन, ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचा, सगळं तपशीलवार लिहिलेलं. आणि भाडेवाढीचं कलम अवघं दीड ओळीचं. (कलम म्हटलं की आमच्या दापोली तालुक्यात आधी हापूस आठवतो, पण हे कराराचं.) ते असं होतं: ‘दर तीन वर्षांनी भाडे महागाई निर्देशांकानुसार वाढविण्यात येईल, मात्र ही वाढ १५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही.’

जागा बंदरापासून जवळ, बिनशेती झालेली. तिथे बर्फाचा कारखाना टाकणारा माणूस वीस वर्षांचा पट्टा मागत होता. कारखान्याला आठ-दहा वर्षं तरी यंत्रं बसवून पैसे सुटायला लागतात, त्यामुळे त्याला लांब मुदत हवी होती. तात्यांना काळजी होती ती वेगळी. आजचे चाळीस हजार रुपये वीस वर्षांनी कशाच्या तोडीचे राहतील? त्यासाठीच त्यांच्या डोंबिवलीच्या पुतण्याने, बाळाने, निर्देशांकाची कल्पना काढली होती. दोघंही म्हणाले, ‘भाऊ, एवढं एक कलम बघून दे, बाकी वकील बघतात.’

कल्पना चांगलीच आहे. पण त्या दीड ओळीतून किमान तीन वेगवेगळी भाडी निघतात, आणि तिन्ही काढणारे प्रामाणिक असू शकतात. ते कसं, हे आधी सूत्रापासून बघू.

निर्देशांक म्हणजे एका ठरलेल्या टोपलीची किंमत. तांदूळ, भाजी, कपडे, औषधं, बसभाडं, घरभाडं असं काय-काय त्या टोपलीत असतं. एखाद्या वर्षी त्या टोपलीची किंमत १०० धरायची आणि पुढे दर महिन्याला ती किती झाली ते छापायचं. ज्या वर्षी १०० धरले ते आधारवर्ष. निर्देशांक १५० असेल तर आधारवर्षी शंभर रुपयांना येणारी टोपली आता दीडशेला येते, एवढाच त्याचा अर्थ. भाडं त्याला बांधायचं असेल तर सूत्र असं:

```
नवे भाडे = मूळ भाडे × (आताचा निर्देशांक ÷ करारावेळचा निर्देशांक)
```

तात्यांसाठी मी हिशेबाला सोयीचे, कल्पित आकडे घेतले. करार करताना भाडं ४०,००० आणि निर्देशांक १५०. तीन वर्षांनी निर्देशांक १८०, सहा वर्षांनी १९२, नऊ वर्षांनी २१३.

तीन वर्षांनंतरचं भाडं बाळाने तिथल्या तिथे तोंडी काढलं. ‘दीडशेचे एकशेऐंशी झाले म्हणजे तीस वाढले. तीस टक्के. बावन्न हजार.’ ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिची वाटच बघतो. वाढले ते तीस अंक, तीस टक्के नव्हेत. १८० ला १५० ने भागलं की १.२ येतात, म्हणजे वाढ २० टक्के. भाडं ४८,०००. अंक आणि टक्के एकच असतात ते फक्त निर्देशांक बरोबर शंभर असताना. म्हणून करारात ‘निर्देशांकातील वाढीइतकी वाढ’ असे शब्द घालू नयेत, वर दिलेला भागाकारच लिहावा. भागाकारात वाद घालायला जागा राहत नाही.

मर्यादा नसती तर पुढचं सोपं होतं. सहाव्या वर्षाअखेर ४०,००० × १९२ ÷ १५० म्हणजे ५१,२००. नवव्या वर्षाअखेर ४०,००० × २१३ ÷ १५० म्हणजे ५६,८००. पण कलमात १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

पहिल्या फेरीला निर्देशांक २० टक्क्यांनी वाढला. मर्यादा १५ ची. म्हणून भाडं ४८,००० नाही, ४६,००० होईल. इथपर्यंत कोणाचं दुमत नाही. प्रश्न असा की हे जे दोन हजार रुपये मर्यादेने अडवले, ते कायमचे गेले की फक्त थांबले?

दीड ओळीच्या कलमात याचं उत्तर नाही. एक वाचन असं: दर वेळी चालू भाडं घ्यायचं आणि मागच्या फेरीपासून निर्देशांक जितका वाढला तितकं वाढवायचं. याला मी साखळीची पद्धत म्हणतो, कारण प्रत्येक कडी मागच्या कडीत अडकवलेली असते. सहाव्या वर्षाअखेर ४६,००० × १९२ ÷ १८०, म्हणजे ४९,०६७. वाढ पावणेसात टक्क्यांच्या आत, मर्यादेला धक्का नाही. नवव्या वर्षाअखेर त्यावर २१३ ÷ १९२, म्हणजे ५४,४३३.

दुसरं वाचन: दर वेळी मूळ ४०,००० आणि मूळ १५० कडे परत जायचं, तिथून भाडं काढायचं आणि मग ते चालू भाड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त चढतंय का एवढं तपासायचं. ही खुंट्याची पद्धत. गाय कितीही फिरली तरी दावं त्याच खुंट्याला. सहाव्या वर्षाअखेर सूत्र सांगतं ५१,२००. चालू भाडं ४६,०००, त्यावर १५ टक्के म्हणजे कमाल ५२,९००. ५१,२०० त्याच्या आत बसतात, म्हणून भाडं ५१,२००. नवव्या वर्षाअखेर ५६,८००. पहिल्या फेरीला अडलेले पैसे दुसऱ्या फेरीत भाड्यात परत आले.

फरक महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास दिसतो, पण तो तीन वर्षं रोज चालू असतो. सहाव्या ते नवव्या वर्षात ७६,८०० रुपये. नवव्या ते बाराव्या वर्षात ८५,२००. दोन्ही मिळून १,६२,०००. साखळीच्या पद्धतीत तात्या जे सव्वाचार टक्के पहिल्या फेरीला मागे पडले, ते पट्टा संपेपर्यंत मागेच राहतात. पुढे महागाई कितीही शांत झाली तरी ते अंतर भरून येत नाही.

आता हेच कारखानदाराच्या बाजूने बघा. दुसऱ्या फेरीला महागाई तीन वर्षांत जेमतेम पावणेसात टक्के झाली आणि त्याचं भाडं ४६,००० वरून ५१,२०० वर, म्हणजे सव्वाअकरा टक्क्यांनी चढलं. त्याला हा अन्याय वाटणारच. ‘मर्यादा कशाला घातली मग?’ हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. त्याच्या मनातली मर्यादा म्हणजे सूट, तात्यांच्या मनातली मर्यादा म्हणजे सवड. करारावर सही करताना दोघांनीही एकच शब्द वाचलेला असतो आणि सहा वर्षांनी, बोटी बंदरात उभ्या आणि बर्फाला गिऱ्हाईक नाही अशा जूनमध्ये, तो शब्द दोघांना दोन अर्थांनी आठवतो.

माझं मत विचाराल तर लांब पट्ट्यात खुंट्याची पद्धत बरी. ती दोघांनाही सारखीच लागू होते. याची उलट बाजूही आहे, ती कागदावर करून दाखवल्याशिवाय पटत नाही. बहुतेक मालक आणखी एक ओळ घालतात, ‘भाडे कोणत्याही परिस्थितीत कमी होणार नाही.’ समजा दोघांनी असा निर्देशांक निवडला की जो खालीही येतो. घाऊक किंमत निर्देशांक तसा आहे. २०२३ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर तो आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा खाली होता. कल्पित आकड्यांत सांगायचं तर, मर्यादा बाजूला ठेवून, भाडं ४८,००० असताना निर्देशांक १८० वरून १७४ ला उतरला आणि पुढच्या फेरीला १८६ झाला. साखळीच्या पद्धतीत उतरताना भाडं ४८,००० वरच अडून बसतं, आणि चढताना १८६ ÷ १७४ ने गुणलं जाऊन ५१,३१० होतं. खुंट्याच्या पद्धतीत ४०,००० × १८६ ÷ १५० म्हणजे ४९,६००. निर्देशांक खड्ड्यात जाऊन वर आला, तेवढ्यासाठी भाडेकरूने महिना १,७१० रुपये जास्त का द्यावेत? साखळीत हे होतं, खुंट्यात होत नाही. हा हिशेब पाहिल्यावर कारखानदार बराच निवळला.

पुढचा प्रश्न: कोणता निर्देशांक? ‘महागाई निर्देशांक’ या नावाचा एकच आकडा नसतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, त्यातही ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे तीन. शिवाय देशाचा वेगळा, राज्यांचे वेगळे. श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक काढतो, ज्यावर केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ठरतो. घाऊकचा तिसराच. करारात पूर्ण नाव हवं: ‘ग्राहक किंमत निर्देशांक, सर्वसाधारण, एकत्रित, अखिल भारतीय’. यातला एक शब्द गाळला की पुढे दोन आकडे समोर येतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा उचलतो.

बाळाला वाटत होतं, निर्देशांकाने हर्णैच्या जागांचे भाव भाड्यात उतरतील. तसं होत नाही. २०१२ आधारवर्षाच्या एकत्रित मालिकेत ४५.८६ टक्के भार खाद्यपदार्थ आणि पेयांचा होता. म्हणजे तुमचं भाडं हलतं ते बरंचसं भाजी, डाळ, तेल, दुधामुळे. किनाऱ्यालगत रस्ता झाला, पर्यटक वाढले, शेजारच्या प्लॉटचं भाडं दुप्पट झालं, तरी निर्देशांकाला त्याचा पत्ता नसतो. तो फक्त रुपयाची ताकद सांभाळतो. बाजारभाव सांभाळायचा असेल तर दहाव्या वर्षी एकदा बाजारभावाने भाडं नव्याने ठरवण्याचं वेगळं कलम घालावं लागतं, आणि ते कोण ठरवणार हेही लिहावं लागतं. तात्यांनी ते नको म्हटलं. कारखानदार त्यावर सही करणारच नव्हता.

आणि हेही सांगून टाकतो: आपल्याकडे सर्रास लिहितात ते ‘दर तीन वर्षांनी १५ टक्के’ हे सरळ वाढीचं कलम या उदाहरणात मालकाला जास्त देतं. ४०,००० चे तीन फेऱ्यांत ६०,८३५ होतात, निर्देशांकाने ५६,८००. महागाई दर तीन वर्षांना १५ टक्क्यांच्या वर राहिली असती तर उलटं झालं असतं, अर्थात वाढीवर मर्यादा नसेल तरच. निर्देशांक मालकाला श्रीमंत करण्यासाठी नसतो.

मग महिना. पट्टा १ सप्टेंबरपासून सुरू होतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, हंगाम रुळायला थोडा वेळ जातो, आणि गणपतीला चाकरमानी घरी असतात म्हणून सह्याही तेव्हाच होतात. पण १ सप्टेंबरला ऑगस्टचा निर्देशांक हातात नसतो. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या बारा तारखेच्या सुमारास येतो, तोही आधी तात्पुरता, नंतर अंतिम. म्हणून ऑगस्टच्या मध्याला मिळतो तो जुलैचा तात्पुरता आकडा आणि जूनचा अंतिम. करारात ‘त्या वेळचा निर्देशांक’ असं लिहिलं की हा गोंधळ घरात घेतलाच समजा.

एकाच महिन्याचा आकडा घेण्यात दुसराही धोका आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो आणि एकूणच भाजीपाला कडाडला आणि ग्राहक महागाईचा वार्षिक दर ७.४४ टक्क्यांवर गेला. सप्टेंबरला तो ५.०२ वर उतरला होता. दरवर्षी फेरआढावा असणारा एखादा पट्टा घ्या. जुलैच्या आकड्यावर ४०,००० चे ४२,९७६ होतात, सप्टेंबरच्या आकड्यावर ४२,००८. महिना ९६८ रुपयांचा फरक, आणि कारण काय, तर टोमॅटो. बर्फाच्या कारखान्याचा टोमॅटोशी संबंध काय? दर तीन वर्षांच्या आढाव्यात असा उसळा टक्केवारीत कमी दिसतो, पण तो छत्तीस महिने भाड्यात मुक्काम करतो. उपाय सोपा आहे. एका महिन्याऐवजी आधीच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, सूत्राच्या वरही आणि खालीही. एकीकडे सरासरी आणि दुसरीकडे एकट्या महिन्याचा आकडा अशी मिसळ मात्र करायची नाही.

शेवटचा खड्डा मोठा आहे आणि लांब पट्ट्यात तो येतोच. आधारवर्ष बदलतं. लोकांच्या खरेदीच्या सवयी बदलतात, जुनी टोपली शिळी होते, म्हणून नवी टोपली घेऊन पुन्हा १०० पासून मोजणी सुरू होते. वीस वर्षांत हे एकदा तरी होईल असं धरूनच चालावं. ग्राहक किंमत निर्देशांकाचं आधारवर्ष आधी २०१० होतं, मग २०१२ झालं, आता २०२४ वर आलं आहे.

यात काय होतं ते औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर दाखवतो, कारण तिथले आकडे बोलके आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये तो ३३८ होता, आधारवर्ष २००१. सप्टेंबरपासून आधारवर्ष २०१६ झालं आणि त्या महिन्याचा आकडा छापला गेला ११८.१. भाव काही एका महिन्यात तिसऱ्या हिश्शावर आले नव्हते, फक्त मोजपट्टी बदलली होती. समजा एखाद्या पट्ट्यात भाडं ४०,००० आणि करारावेळचा निर्देशांक जुन्या मालिकेतला ३०० होता. डोळे मिटून सूत्र लावलं तर ४०,००० × ११८.१ ÷ ३००, म्हणजे १५,७४७ रुपये. एवढी मोठी चूक कोणाच्याही लक्षात येईल. पण आधारवर्षं जवळजवळची असतील तर चुकीचा आकडा खऱ्यासारखा दिसू शकतो, आणि तो जास्त घातक.

अशा वेळी सरकार जोडगुणकही देतं, म्हणजे नवा आकडा जुन्या मोजपट्टीत आणण्यासाठी कितीने गुणायचं ते. या बदलाचा जोडगुणक २.८८ होता. ११८.१ × २.८८ म्हणजे ३४०.१३. आता तो आदल्या महिन्याच्या ३३८ च्या शेजारी नीट बसतो. भाडं ४०,००० × ३४०.१३ ÷ ३००, म्हणजे ४५,३५१. बरोबर केलंय का ते ओळखायची खूण हीच: जुळवलेला आकडा जुन्या मालिकेच्या शेवटच्या आकड्याच्या आसपास यायला हवा. नाही आला तर गुणाकाराच्या जागी भागाकार झालाय, किंवा भलत्याच मालिकेचा जोडगुणक लावलाय. ग्रामीण, शहरी, एकत्रित यांचे जोडगुणक एकच असतील असं धरून चालू नये.

तात्यांचं कलम शेवटी दीड ओळीचं राहिलं नाही. त्यात मालिकेचं पूर्ण नाव आलं. ‘लगतच्या जूनअखेर संपणाऱ्या बारा महिन्यांच्या अंतिम आकड्यांची सरासरी’ आलं. करारावेळची सरासरी आकड्यातच लिहिली, म्हणजे वीस वर्षांत कोणी ती शोधत बसायला नको. भाडं दर वेळी मूळ भाड्यावरून काढायचं, चालू भाड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही आणि त्याखाली उतरवायचं नाही. उरलेली वाढ पुढच्या फेरीत धरायची, पण मधल्या काळाची थकबाकी मागायची नाही. हे शेवटचं वाक्य कारखानदाराने सुचवलं आणि ते अगदी योग्य होतं, कारण ‘उरलेली वाढ’ हे शब्द वाचून तीन वर्षांच्या मागच्या पैशांची मागणी करणारा कोणी निघालाच असता. मालिका बदलली तर सरकारने दिलेला जोडगुणक, आणि मालिकाच बंद पडली तर तिच्या जागी आलेली.

वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो, तेव्हा हे सगळं नोंदणीच्या दस्तातच गेलं, वेगळ्या चिठ्ठीवर नाही. १५०, १८०, १९२, २१३ चा कल्पित हिशेबही परिशिष्ट म्हणून जोडला, प्रत्येक पायरीसकट. वकिलांनी आधी नाक मुरडलं, दस्तात कसले खोटे आकडे म्हणून. तात्या म्हणाले, ‘राहू द्या. नऊ वर्षांनी मी असेन-नसेन, बाळ्याने त्या आकड्यांवर बोट ठेवून भाडं काढावं.’ आणि परिशिष्टाच्या पहिल्याच ओळीत, बाळाच्या आग्रहाने, लिहिलं: दीडशेचे एकशेऐंशी म्हणजे वीस टक्के.